रात्री साडेदहाची मीटिंग कोणाच्या वाट्याला? पुणे, बर्लिन, सिएटल : एका टीमचं प्रकरण

६ नोव्हेंबर २०२४, बुधवार. दिवाळी नुकतीच झालेली, फराळाचे डबे अजून अर्धे भरलेले, आणि आमची आठवड्याची टीम मीटिंग एकदम रात्री साडेनऊवरून साडेदहावर गेली. कोणी ठरवून बदलली नव्हती. अमेरिकेत ३ नोव्हेंबरला घड्याळं एक तास मागे गेली, मीटिंग सिएटलच्या सकाळी ९ ला बांधलेली होती, त्यामुळे तिकडे ९ चे ९ च राहिले आणि इकडे पुण्यात साडेदहा झाले. मीटिंग संपली तेव्हा साडेअकरा वाजून गेले होते. दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्यातली एक जण म्हणाली, "मी हे मार्चपर्यंत करू शकत नाही गं, बाळ साडेपाचला उठतं." तिथून हे सगळं सुरू झालं.

आधी टीम कशी आहे ते सांगते. दहा जण आहोत, पुण्यात पाच, बर्लिनमध्ये दोन, सिएटलमध्ये तीन. मी पुण्यातून कोऑर्डिनेशन बघते, म्हणजे मीटिंग लावणं, नोट्स, पाठपुरावा हे माझ्याकडे. हिवाळ्यात सिएटल आणि बर्लिनमध्ये नऊ तासांचा फरक, बर्लिन आणि पुण्यात साडेचार तासांचा, म्हणजे सिएटल ते पुणे साडेतेरा तास. तिघांच्याही ऑफिसच्या वेळेत बसेल असा एकही तास दिवसात नाही. कोणीतरी गैरसोय सोसणारच, प्रश्न एवढाच की दर वेळी तोच का.

खरं तर याआधी एकदा आम्ही पाळीपाळीने करून बघितलं होतं, ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये. कल्पना फार साधी होती आणि तेव्हा मला ती एकदम बरोबर वाटलेली : एक आठवडा सिएटलच्या सोयीची वेळ, एक बर्लिनच्या, एक पुण्याच्या. सिएटलची वेळ सकाळी ९, म्हणजे बर्लिनला संध्याकाळी ६ आणि आपल्याकडे रात्री ९:३०. पुण्याची सकाळी ११, म्हणजे बर्लिनला सकाळी ७:३० आणि सिएटलला आदल्या रात्री १०:३०. इथपर्यंत ठीक. पण बर्लिनची वेळ सकाळी १० ठेवली तर सिएटलमध्ये रात्रीचा १ वाजतो. पहिल्या वेळी तिकडचे तिघंही आले, दुसऱ्या वेळी एक जण आला आणि तोही नुसता ऐकत बसला. सहा आठवड्यांनी सगळं गुंडाळून परत सिएटलची ९ ची वेळ धरली, आणि सिएटलच्या मॅनेजरच्या डोक्यात पक्कं बसलं की रोटेशन आपल्याला जमत नाही.

चूक कुठे होती हे मला नोव्हेंबरमध्ये कागद घेऊन बसल्यावर कळलं. आम्ही चांगली वेळ वाटून घेत होतो. प्रत्येकाला तीनातली एक मीटिंग छान मिळते म्हणजे न्याय झाला असं धरलं होतं, पण उरलेल्या दोन कशा जातात ते कोणी मोजलंच नाही. सिएटलच्या वाट्याला एक छान, एक रात्री साडेदहाची आणि एक मध्यरात्रीची. बर्लिनच्या वाट्याला एक छान आणि दोन जराशा अडचणीच्या. बर्लिन दोघांच्या मधोमध आहे, त्यामुळे घड्याळ कुठेही फिरवा, त्यांचं फार वाईट होतच नाही. वाटायची असते ती वाईट वेळ, आणि त्यासाठी वाईट म्हणजे किती वाईट हे आधी ठरवावं लागतं.

मग आम्ही गुण ठरवले. तासाभराच्या मीटिंगचा सगळ्यात अडचणीचा भाग बघायचा, सकाळची असेल तर सुरू कधी होते आणि संध्याकाळची असेल तर संपते कधी. हे महत्त्वाचं आहे, कारण रात्री ९:३० ची मीटिंग ऐकायला ९:३० ची वाटते, माणूस मात्र १०:३० ला सुटतो. सकाळी ९ ते संध्याकाळी ६ च्या आत असेल तर ० गुण. सकाळी ८ नंतर सुरू किंवा रात्री ८ पर्यंत संपणारी असेल तर १. सकाळी ७ नंतर सुरू किंवा रात्री १० पर्यंत संपणारी असेल तर २. सकाळी ६ नंतर सुरू किंवा रात्री ११ पर्यंत संपणारी असेल तर ४. ३ मुद्दाम नाही ठेवला, कारण दहाच्या पुढचा तास दहाच्या आधीच्या तासाच्या दुप्पट जड जातो असं सगळ्यांनीच सांगितलं. आणि रात्री ११ ते सकाळी ६ या वेळात कोणालाच बोलवायचं नाही, त्याला गुणच नाहीत, ती वेळ बाद. हे आकडे कुठल्या शास्त्रातून आलेले नाहीत, दहा जणांना एकेकटं विचारून जे निघालं ते आहेत, आणि माझ्या मते तसेच ते असायला हवेत, कारण दुसऱ्या टीममध्ये सगळे पहाटे उठणारे असतील तर त्यांचा तक्ता वेगळा होईल.

एक वाद मात्र बराच चालला. पुण्यात पाच जण आणि बर्लिनमध्ये दोनच, मग पुण्याचे गुण पाचाने आणि बर्लिनचे दोनाने गुणायचे का? सिएटलच्या मॅनेजरचं म्हणणं होतं की गुणायचे, एकूण त्रास कमीत कमी व्हायला हवा. कागदावर ते बरोबर दिसतं. पण हिशोब करून बघितला तर दर वेळी त्रास बर्लिनच्याच दोघांवर जाऊन पडतो, फक्त ते कमी आहेत म्हणून. मी ठामपणे विरोध केला, आमचा फायदा होत असूनही. माणूस एकटा असला तरी त्याची झोप तेवढीच असते. शेवटी ठरलं की प्रत्येक माणसाचे सीझनचे गुण जवळपास सारखे यायला हवेत, टीमची बेरीज बघायची नाही.

आता वेळा. हिवाळ्यात वापरण्यासारख्या तीन मिळाल्या. पहिली, पुण्यात रात्री ९:३०, बर्लिनला संध्याकाळी ५, सिएटलला सकाळी ८. इथे पुण्याला ४, बर्लिनला ०, सिएटलला १. दुसरी, बर्लिनला सकाळी ६, पुण्यात १०:३०, सिएटलला आदल्या रात्री ९. बर्लिनला ४, सिएटलला २, पुण्याला ०. तिसरी, सिएटलला सकाळी ७, बर्लिनला दुपारी ४, पुण्यात रात्री ८:३०. सिएटलला २, पुण्याला २, बर्लिनला ०. तिसरी ही पहिलीच आहे, फक्त एक तास अलीकडे ओढलेली, आणि त्या एका तासाने पुण्याचा अर्धा भार उतरतो आणि सिएटलवर एकच गुण वाढतो. अशी एका तासाची सरकवासरकव करून बघणं हेच यातलं खरं काम आहे, लोक ते करत नाहीत आणि सरळ "जमत नाही" म्हणून सोडून देतात.

एकेक वेळ पाळीने घेतली असती तर तीन आठवड्यांत पुण्याचे ६, सिएटलचे ५ आणि बर्लिनचे ४ झाले असते. वाईट नाही, पण पूर्ण हिवाळाभर तसंच चाललं तर फरक साठत जातो. थोडं खटपट केल्यावर सात आठवड्यांचं चक्र सापडलं : पहिली वेळ दोनदा, दुसरी तीनदा, तिसरी दोनदा. पुणे, दोन वेळा ४ आणि दोन वेळा २, बारा. बर्लिन, तीन वेळा ४, बारा. सिएटल, दोन वेळा १, तीन वेळा २, दोन वेळा २, बारा. बारा-बारा-बारा आले तेव्हा मला इतका आनंद झाला की मी रात्रीच तिन्हीकडे मेसेज टाकला.

बर्लिनकडून उत्तर आलं ते मात्र थंड होतं. सात आठवड्यांत तीन वेळा पहाटे सहा, आणि आतापर्यंत त्यांना असलं काही नव्हतं, त्यामुळे त्यांच्या नजरेतून हे सगळं नुकसानच होतं. हे समजून घ्यायला हवं, ज्याचं आतापर्यंत बरं चाललेलं असतं त्याला समान वाटणी म्हणजे काहीतरी काढून घेतल्यासारखंच वाटतं. मी त्यांना आधीच्या वर्षभराच्या मीटिंगा त्याच तक्त्याने मोजून दाखवल्या. हिवाळ्यात सिएटलला ९ वाजता म्हणजे त्यांना संध्याकाळी ६, दर वेळी १ गुण. आम्हाला १०:३० ते ११:३०, म्हणजे आत्ताच्या नियमाने बाद वेळ, आणि ती आम्ही अख्खा आधीचा हिवाळा केली होती. यावर त्यांच्यातल्या एकाने फक्त एवढंच लिहिलं की हे आम्हाला कधी कोणी सांगितलं नाही. ते खरं होतं. आम्ही पुण्याचे लोक कधी बोललोच नाही, "चालतं हो" म्हणत राहिलो.

बर्लिनवाल्यांनी एक अट घातली आणि ती सगळ्यांच्या फायद्याची निघाली. जर्मनीच्या कायद्यात एका दिवसाचं काम संपल्यापासून दुसऱ्या दिवशीचं सुरू होईपर्यंत सलग ११ तास विश्रांती लागते. म्हणजे सकाळी सहाला मीटिंग असेल तर आदल्या दिवशी संध्याकाळी सातच्या आत काम थांबलं पाहिजे. आम्ही तोच नियम तिन्हीकडे लावला. पुण्यात १०:३० ला सुटलेला माणूस दुसऱ्या दिवशी सकाळी ९:३० च्या आधी कामावर नाही, त्यामुळे गुरुवारचा आमचा सव्वानऊचा स्टँडअप दहावर गेला. बर्लिनचे लोक सहाला सुरू करतात त्या दिवशी अडीचला बंद करतात आणि त्यानंतर त्यांना कोणी काही विचारायचं नाही.

पुण्यातही एक कायद्याची बाजू होती, ती एचआरने लक्षात आणून दिली. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्याप्रमाणे महिला कर्मचाऱ्यांना सकाळी ७ ते रात्री ९:३० या वेळेबाहेर कामाला ठेवायचं तर त्यांची संमती लागते आणि सुरक्षिततेची व्यवस्थाही. आमची पहिली वेळ बरोबर साडेनऊलाच सुरू होते. आम्ही सगळ्या घरूनच मीटिंग करत असलो तरी संमती लेखी घ्यायचं ठरलं, आणि नाही म्हणणाऱ्यावर काही परिणाम होणार नाही हेही लिहून दिलं. बाळ असलेली माझी सहकारी त्या वेळेला नाही म्हणाली. तिने त्याबदल्यात सकाळच्या तीनही मीटिंगच्या नोट्स घेतल्या, आणि तिचे गुण कमी झाले म्हणून कोणी तक्रार केली नाही.

आता मुख्य गोंधळ, तो कॅलेंडरचा. मीटिंग कॅलेंडरमध्ये लावली की ती कुठल्यातरी एका टाइमझोनला बांधलेली असते, आणि बहुतेक वेळा ज्याने लावली त्याच्या. सिएटलच्या मॅनेजरने लावली म्हणूनच आमची नोव्हेंबरमध्ये १०:३० वर गेली होती. भारतात घड्याळ बदलत नाही, पण बाकीच्यांचं बदललं की त्याचा फटका आपल्याला बसतोच. आम्ही नियम केला की प्रत्येक वेळ त्या जागेच्या टाइमझोनला बांधायची जी अगदी काठावर आहे. रात्री ९:३० ची पुण्याला, कारण अजून तासभर पुढे गेली तर बाद. सकाळी ६ ची बर्लिनला, कारण तासभर मागे आली तर बाद. सकाळी ७ ची सिएटलला. पहिली बर्लिनवाली मीटिंग कॅलेंडरच्या फाइलमध्ये अशी होती :

```
DTSTART;TZID=Europe/Berlin:20241113T060000
DTEND;TZID=Europe/Berlin:20241113T070000
```

याचा खरा उपयोग मार्चमध्ये दिसला असता. २०२५ साली अमेरिकेत घड्याळ ९ मार्चला पुढे गेलं आणि युरोपात ३० मार्चला. मधले तीन बुधवार, म्हणजे १२, १९ आणि २६ मार्च, सिएटल आणि बर्लिनमधला फरक नऊऐवजी आठ तास. सकाळची मीटिंग सिएटलच्या रात्री ९ ला बांधलेली असती तर बर्लिनच्या लोकांच्या फोनवर गुपचूप पहाटे ५ दिसलं असतं आणि ते कोणाच्या लक्षातही आलं नसतं. बर्लिनला बांधली तर तिकडे ६ च राहतात आणि सिएटलला रात्रीचे १० होतात. म्हणून आम्ही चक्र आधीच संपवलं. १३ नोव्हेंबर ते ५ मार्च असे सतरा बुधवार येतात, त्यातले २७ नोव्हेंबर, २५ डिसेंबर आणि १ जानेवारी सुट्टीमुळे सोडले, उरले बरोबर चौदा, म्हणजे सातची दोन चक्रं. मधल्या तीन आठवड्यांत मीटिंग ठेवलीच नाही, लेखी अपडेटवर काम चालवलं. वर्षातून दोन वेळा घड्याळं बदलतात, त्यातल्या पुढच्या बदलापर्यंतच चक्र आखायचं, त्यापुढचं नाही, आणि रिपीट लावायचं नाही, चौदा तारखा सुट्या सुट्या टाकायच्या. अर्ध्या तासाचं काम आहे.

एवढं करूनही पहिल्याच मीटिंगला सिएटलचा एक जण आला नाही. मी मेसेजमध्ये "बुधवारी सकाळची मीटिंग, सिएटल रात्री ९" असं लिहिलं होतं, तो बुधवारी रात्री ९ ला येऊन एकटाच बसला होता. आपला बुधवार सकाळ म्हणजे त्यांचा मंगळवार रात्र. माझीच चूक. तेव्हापासून मेसेजमध्ये तिन्ही ठिकाणचा वार आणि वेळ वेगवेगळी लिहिते. आणि याच कारणासाठी दिवस बुधवार ठेवलाय, सोमवार असता तर सिएटलवाल्यांचा रविवार रात्र गेला असता आणि शुक्रवारी आमची शुक्रवार रात्र.

पहिलं चक्र १५ जानेवारीला संपलं. गुण बारा-बारा-बारा, हजेरी चांगली, मला वाटलं जमलं. मग मी सहज निर्णयांची नोंद चाळली आणि थांबले. सात मीटिंगांत अकरा निर्णय झाले होते, त्यातले आठ पुण्याच्या संध्याकाळच्या चार मीटिंगांत, म्हणजे जेव्हा सिएटलची सकाळ होती. बर्लिनच्या सकाळी ६ च्या तीन मीटिंगांत मिळून फक्त तीन. कोणी वाईट हेतूने केलं नव्हतं. सिएटलचा मॅनेजर रात्री ९ ला थकलेला असायचा, अवघड विषय आला की म्हणायचा हे पुढच्या आठवड्यात घेऊ, आणि पुढचा आठवडा म्हणजे त्यांची सकाळ. त्यामुळे बर्लिनची दोघं पहाटे उठून किरकोळ विषय ऐकत होती आणि आम्ही रात्री दहाला पेंगत पेंगत मोठे निर्णय घेत होतो. वेळ वाटली गेली, पण ताजं डोकं कोणाचं कामी येतं ते वाटलं गेलं नव्हतं. माझ्या मते रोटेशन फसतं ते बहुतेक इथेच, आणि हजेरी बघून ते कळत नाही, कोणत्या वेळेला काय ठरलं ते मोजलं तरच कळतं.

त्यावर एकच बदल केला. विषय ज्या क्रमाने यादीत आले त्याच क्रमाने घ्यायचे, पुढे ढकलायचा असेल तर पुढच्या मीटिंगपर्यंत नाही, पुढच्या त्याच वेळेच्या मीटिंगपर्यंत. म्हणजे मंगळवारी रात्री टाळलेला विषय परत मंगळवारी रात्रीच येणार. दुसऱ्या चक्रात निर्णय बारा झाले, सहा संध्याकाळच्या चारांत आणि सहा सकाळच्या तीनांत.

एक गोष्ट इथे सांगायला हवी, कारण मला लोक आयईटीएफचं उदाहरण देतात. इंटरनेटचे नियम ठरवणारी ही संस्था आपल्या बैठका उत्तर अमेरिका, युरोप आणि आशिया अशा फिरवते, आणि नोव्हेंबर २०२० ची बँकॉकची बैठक कोविडमुळे ऑनलाइन झाली तेव्हाही ती बँकॉकच्याच घड्याळाप्रमाणे घेतली. अमेरिकेतल्या लोकांनी रात्र रात्र जागून ती केली. त्यांना ते जमतं, कारण वर्षात तीनच बैठका असतात आणि एक आठवडा झोप उलटी केली की झालं. दर बुधवारी असं करता येत नाही. चांगली वेळ पाळीपाळीने देणं वर्षातून तीनदाच्या कामाला ठीक आहे, आठवड्याच्या मीटिंगला वाईट वेळेचाच हिशोब लागतो.

उन्हाळ्याचं गणित परत वेगळं. २ एप्रिल २०२५ पासून दोन्हीकडची घड्याळं पुढे गेलेली, म्हणून सिएटलची सकाळी ८ म्हणजे पुण्यात ८:३०, आमचे ४ चे २ झाले. आता सात आठवड्यांचं चक्र वापरलं असतं तर पुणे आरामात आणि बर्लिन तसंच अडकलेलं. म्हणून नवीन पाच आठवड्यांचं केलं : ८:३० ची दोनदा, पुण्याची ९:३० ची एकदा, बर्लिनची सकाळी ६ ची एकदा, आणि बर्लिनला ७ म्हणजे सिएटलला रात्री १० ची एकदा. बेरीज पुणे ८, सिएटल ८, बर्लिन ७. ही रात्री १० ची वेळ सिएटलला नको होती, पण ती काढून चार आठवड्यांचं करून बघितलं तर पुणे ८, बर्लिन ५, सिएटल ४ येत होते. ते आकडे समोर ठेवले तेव्हा सिएटलच्याच मॅनेजरने म्हटलं, ठेवा. बर्लिनला पाच आठवड्यांत पहाटे सहा आता एकदाच आहे.